लघुकथेचा खर्डा आणि एक प्रश्न : श्रावणीला धीर नेमका कुठून येतो?

मीना_जुळेसोलापूर

नमस्कार. आमच्या शाळेच्या वार्षिक हस्तलिखितात शिक्षकांपैकी कोणीतरी एक कथा द्यावी असा जुना प्रघात आहे आणि या वर्षी ते काम माझ्याकडे आले आहे. आठवी-नववीच्या वर्गात हल्ली तारा लावलेले दात बरेच दिसतात, म्हणून तोच विषय घेतला. खर्डा खाली देत आहे. शेवटाजवळचा एक परिच्छेद मला खटकतो, परंतु का खटकतो ते नीट सांगता येत नाही. श्रावणीला आलेला धीर तुम्हाला पटतो का, एवढेच मला विचारायचे आहे.

*श्रावणी नववीत होती आणि वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीच्या वेळी ऐकू येत असे. तिचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. त्यांच्या घरात तेलुगू बोलत, गल्लीत मराठी आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात थोडी कन्नडही. श्रावणीला तिन्ही भाषा येत होत्या आणि तिन्हींत ती कमीच बोलत असे.*

*मात्र तिचे अक्षर सुरेख होते आणि पाठांतर पक्के होते. त्यामुळे १२ जानेवारीच्या कार्यक्रमात चार हुतात्म्यांवर कोणी बोलायचे, असे बाईंनी विचारले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी तिचे नाव सुचवले आणि श्रावणीला ‘नाही’ म्हणायलाही वेळ मिळाला नाही.*

*कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना तिच्या दातांना तारा लागल्या. ही तारीख डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच दिलेली होती. घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहिली. वरचा ओठ दातांवर ओढून घेतला की तारा दिसत नाहीत, हे तिच्या लक्षात आले. तेव्हापासून ती तसाच ओठ ओढून बोलू लागली आणि हसताना तोंडावर हात धरू लागली. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुले तिला ‘तारेचे कुंपण’ म्हणून चिडवू लागली.*

*सरावाला ती उभी राहिली. “सोलापूरच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चार वीर हसत हसत फासावर चढले,” हे पहिलेच वाक्य होते. ‘श्रीकिसन सारडा’ म्हणताना तिची जीभ अडखळली आणि ती रडत खाली बसली.*

*बाईंनी तिला जवळ घेतले. “बाळा, खरे सौंदर्य दातांत नसते, मनात असते. ज्यांनी देशासाठी प्राण दिले त्यांच्यापुढे आपल्या तारांचे दुःख ते किती!” श्रावणीने डोळे पुसले. तिच्या मनात जणू वीज चमकली. दुसऱ्या दिवशी ती व्यासपीठावर गेली, एकही शब्द न चुकता बोलली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले.*

एवढीच कथा आहे. मोकळेपणाने लिहावे.

हणमंतराव_देगाव

मीनाताई, सुरुवात उत्तम आहे. ‘तिन्हींत ती कमीच बोलत असे’ हे वाक्य मला फार आवडले. मात्र एक दुरुस्ती तातडीने करावी. चौघांना फाशी सोलापुरात नव्हे, तर पुण्याच्या येरवडा तुरुंगात झाली. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला, खटला त्या घटनाक्रमातून उभा राहिला आणि शिक्षेची अंमलबजावणी येरवड्यात झाली. शाळेच्या हस्तलिखितात हे चुकले तर मुले तेच वर्षानुवर्षे पाठ करतील.

‘हसत हसत फासावर चढले’ हेही काढावे, असे मला वाटते. इतक्या भाषणांत ते वापरले गेले आहे की त्यात आता ती चार माणसे दिसत नाहीत. मल्लप्पा, श्रीकिसन, जगन्नाथ आणि कुर्बान ही नावे ओळीने घेतली, तरी सोलापूरच्या माणसाला पुरेसे होते.

राजू_पार्कचौक

कथा छान आहे आणि श्रावणीचे अडखळणे तर अगदी खरे आहे. तारा लागल्या की श, स, ज हे उच्चार बिघडतातच. माझ्या भाच्याचे असेच झाले होते. तो कित्येक महिने ‘साखर’ म्हणायला गेला की ‘थाखर’ म्हणत असे. त्यामुळे ती दोन दिवसांत एकही शब्द न चुकता बोलली, हे मात्र मला पटत नाही. त्यावर उपाय म्हणजे भाषणाच्या आधी पुढच्या सगळ्या तारांवर मेण लावावे. ते मेण दवाखान्यात देतातच. कथेत ते आणल्यास शेवट शास्त्रीय होईल.

डॉ_अश्विनी_होटगीरोड

मी दंतरोपणाची नव्हे, दात सरळ करण्याचीच डॉक्टर आहे आणि श्रावणीच्या वयाची मुले रोज पाहते. राजूभाऊ, तुमच्या भाच्याच्या टाळूवर काही बसवले होते का? पट्टी, जबडा रुंद करायचे उपकरण किंवा आतल्या बाजूच्या तारा, असे काही असेल तर तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ‘स’ आणि ‘श’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे, टाळूच्या पुढच्या भागाजवळ जाते. तिथे अडथळा आला की उच्चार बदलतो आणि सरावाने काही दिवसांनी पुन्हा बसतो. श्रावणीच्या तारा मात्र दातांच्या बाहेरच्या बाजूला, ओठांकडे आहेत. तिथे जीभ पोहोचतच नाही. त्यामुळे ‘श्रीकिसन सारडा’ म्हणताना अडखळायला तिला तारांचे कारण नाही.

तिला अडचण येईल ती त्याच वाक्यात, पण थोडी आधी. ‘मल्लप्पा’ म्हणून पाहा. म आणि प दोन्हींना ओठ पूर्ण मिटावे लागतात. दातांवर नव्या धातूच्या चकत्या चिकटवल्या की ओठांना तेवढे अधिक अंतर ओलांडून मिटावे लागते आणि पहिले काही दिवस ते जाणवते. त्यातच तोंड कोरडे पडले असेल तर ओठाची आतली बाजू चकतीला चिकटते. ‘कुर्बान’मधल्या ब चेही तेच. ऐकणाऱ्याला हे कळतही नाही, बोलणाऱ्याला मात्र फार मोठे वाटते.

खरी गोम वेगळीच आहे आणि मीनाताईंनी ती नकळत लिहून ठेवली आहे. वरचा ओठ दातांवर ओढून धरला की जबडा पुरेसा उघडत नाही. आवाज आत राहतो, स्वर आखूड होतात आणि शब्दांची शेवटची अक्षरे गिळली जातात. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जण म्हणतात की तारा लावल्यापासून मुलगी पुटपुटते. तिच्याकडे पाहिले की ती ओठ दाबून बोलत असल्याचे दिसते. तारांनी बोलणे बिघडत नाही, तारा लपवण्याच्या धडपडीने बिघडते. हे पाहायचे असेल तर कोणीही आता वरचा ओठ खाली ओढून चारही नावे मोठ्याने म्हणून पाहावीत.

मेणाबद्दल सांगायचे तर, ते गालाला किंवा ओठाला जिथे घासते त्या एक-दोन जागांसाठी असते. जागा कापसाने कोरडी करून वाटाण्याएवढी गोळी दाबून बसवावी लागते, ओल्या चकतीवर ते टिकत नाही. पुढची सगळी रांग मेणाने भरली तर ओठ आणखी पुढे येईल आणि भाषणाच्या मध्यावर एखादा तुकडा जिभेवर येईल.

राजू_पार्कचौक

बहिणीला फोन करून विचारले. भाच्याच्या टाळूला पट्टी होती, चावीने फिरवायची. बाहेरच्या तारा नंतर लागल्या. म्हणजे डॉक्टरांचे खरे आहे. तरीही माझे म्हणणे असे की वाचकाला एवढे बारकावे कळणार नाहीत. त्याला ‘श्री’वर अडखळणेच स्वाभाविक वाटेल.

संगीता_कुमठानाका

कथा वाचली, आवडली. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याचे पुढचे दोन दात खूप पुढे आहेत. आत्ताच तारा लावाव्यात की थांबावे? आणि सोलापुरात चांगले डॉक्टर कोण?

डॉ_अश्विनी_होटगीरोड

संगीताताई, नऊ वर्षांच्या मुलाला एकदा दाखवून जरूर घ्यावे. या वयात दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात, त्यामुळे बहुधा थांबायला सांगतील. परंतु दात फारच पुढे असले तर खेळताना पडून तुटण्याची भीती असते आणि तेव्हा काही मुलांना लवकर सुरुवात करावी लागते. डॉक्टर कोण हे मी सांगणे बरे दिसत नाही.

तन्वी_दहावी

माझ्या दातांना गेल्या वर्षापासून तारा आहेत, म्हणून लिहिते. काकू, मुले चिडवतात हा भाग मला खोटा वाटला. म्हणजे एखादा चिडवतोही, पण पहिल्या आठवड्यानंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही. त्यापेक्षा जड जाते ते प्रेमाने विचारणे. प्रत्येक मैत्रीण, प्रत्येक मावशी, रिक्षावाले काकासुद्धा ‘खूप दुखते का गं?’ असे विचारतात आणि विचारताना डोळ्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहतात. चिडवणाऱ्याला उलटून बोलता येते. ‘दुखते का गं’ म्हणणाऱ्याला काय बोलणार?

दुसरे म्हणजे खाणे. मेथीचे पान तारेत अडकले की ते घरी जाईपर्यंत कळत नाही. मी डब्यानंतर चूळ भरल्याशिवाय कोणाशी बोलत नाही. आणि हळद! पहिल्यांदा मी तारेवरच्या रबरी कड्या पारदर्शक निवडल्या होत्या, कारण त्या दिसणार नाहीत असे वाटले. दोन दिवस आमटी-भात खाल्ल्यावर सगळ्या कड्या पिवळ्याजर्द झाल्या आणि पुढची भेट येईपर्यंत तशाच राहिल्या. त्यानंतर मी गडद निळ्या घेते. श्रावणीने पारदर्शक कड्या घेतल्या असतील तर कार्यक्रमाच्या फोटोत ते दिसेल.

बसवराज_कसबा

सोलापुरात राहून तारा लावायच्या म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या दोन्ही गोष्टींकडे दुरून पाहायचे. त्यात कार्यक्रम १२ जानेवारीला, म्हणजे संक्रांत आणि गड्ड्याची जत्रा तोंडावर. तिळाची वडी नाही, ऊस नाही. श्रावणी रडली ती भाषणामुळे नाही, असा माझा संशय आहे.

डॉ_अश्विनी_होटगीरोड

बसवराजजी, कडक भाकरी आमटीत कुस्करून खावी, ती तशीच खायची असते. शेंगाची चटणी दह्यात कालवून चालते. ऊस आणि कडक वडी मात्र खरोखर नाही. चकती दातावरून सुटते आणि तारेवर फिरत राहते. दुखत नाही, पण पुन्हा चिकटवायला यावे लागते.

प्रकाश_रंगमंच

मी हौशी नाट्यस्पर्धांतून बराच काळ काम केले आहे, म्हणून बाईंच्या संवादाबद्दल बोलतो. मीनाताई, तुम्हाला तो परिच्छेद का खटकतो ते मला असे वाटते. श्रावणी काहीच करत नाही. तिला चिडवले जाते, ती रडते, तिला समजावले जाते आणि ती सुधारते. या चारही क्रिया तिच्यावर घडतात. ‘मनात जणू वीज चमकली’ हे वाक्य आपण तेव्हा लिहितो, जेव्हा पात्राने काय केले हे आपल्यालाच ठाऊक नसते. हौशी नाटकांत अशा जागी आम्ही पार्श्वसंगीत वाजवत असू.

शिवाय, हुतात्म्यांचे दुःख मोठे म्हणून तुझे लहान, हा युक्तिवाद नववीतल्या मुलीला धीर देत नाही. त्याने फक्त अपराधी वाटते. डॉक्टरांनी सांगितलेली ओठाची गोष्ट मात्र रंगमंचावरच्या माणसाला लगेच पटेल. खोटी दाढी-मिशी लावलेला नवखा नट पहिल्या तालमीत असाच ओठ आखडून बोलतो, मिशी निघेल या भीतीने. त्याला ‘घाबरू नकोस’ म्हणून उपयोग होत नाही. त्याला एकदा स्वतःचे ऐकवावे लागते. श्रावणीच्या घरात फोन असेलच. तिने एकदा ओठ ओढून आणि एकदा तोंड उघडून तेच वाक्य ध्वनिमुद्रित करावे आणि दोन्ही ऐकावे. तिला कोणीही काही सांगायची गरज उरणार नाही.

मीना_जुळेसोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. येरवड्याची दुरुस्ती केली आहे. प्रकाशजींची ध्वनिमुद्रणाची सूचना मी घेणार आहे. डॉक्टर, माझा एक प्रश्न आहे. तारा लावल्यावर दोन दिवसांत एवढे सगळे होणे शक्य आहे का? मला कथा लांबवायची नव्हती म्हणून दोन दिवस घेतले होते.

डॉ_अश्विनी_होटगीरोड

दोन दिवस म्हणजे तुम्ही नेमका सर्वांत वाईट मुहूर्त काढला आहे. चकत्या चिकटवताना दुखत नाही. सुई नसते. आंबट चवीचे जेल दातावर लावून धुतात, दात कोरडा करतात, चकती चिकटवून निळा प्रकाश धरतात, मग सगळ्यांतून एक अगदी बारीक, लवचिक तार ओवतात. मुले हसत घरी जातात. काही तासांनी दात अवघडू लागतात आणि दुसऱ्या दिवशी ते सर्वाधिक जाणवते. पोळीचा घास चावत नाही. मग ओसरत ओसरत आठवड्याभरात जाते. गालाच्या आतल्या बाजूला फोड येतात, त्यांना आणखी काही दिवस लागतात आणि कोमट मीठपाण्याच्या चुळांनी आराम पडतो. म्हणजे तुमच्या कथेत श्रावणी कार्यक्रमाच्या दिवशी खिमट खाऊन आलेली असेल आणि मुद्दाम ओठ न ओढताही तोंड कमीच उघडत असेल.

तारा डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा. तोंडाला सवय होते, फोड बरे होतात आणि सरावाला वेळ मिळतो. यात एकच अडचण आहे. पुढची भेट साधारण चार ते सहा आठवड्यांनी असते, म्हणजे ती बरोबर कार्यक्रमाच्या सुमारास येईल. त्या भेटीत तार बदलली की पुन्हा एक-दोन दिवस दात ठणकतात. भाषण, वाद्यवादनाची परीक्षा किंवा लग्नकार्य असले की मुलांनी आम्हाला आधी सांगावे. भेट आठवडाभर पुढे ढकलल्याने उपचारात काहीही बिघडत नाही. अडचण अशी की लाजरी मुले सांगतच नाहीत. आई बोलते, मूल छताकडे पाहत असते आणि फी भरताना दारात आईला आठवते की परवा हिचे गॅदरिंग आहे.

प्रकाश_रंगमंच

मीनाताई, तुमच्या कथेचा शेवट डॉक्टरांनी आत्ता तुमच्या हातात दिला आहे. श्रावणीने स्वतः सांगावे. खुर्चीवर आडवी पडून, तोंडावर दिवा असताना, तारा दाखवत.

लक्ष्मी_विडीघरकुल

मी बहुतेक वेळा इथे फक्त वाचते. आमच्या घरातही तेलुगूच बोलतात आणि माझ्या मुलीला तारा लागल्या आहेत, म्हणून लिहावेसे वाटले.

मीनाताई, जॉबरच्या घरात तारांचा खर्च ही साधी गोष्ट नसते. आम्ही हप्त्याने भरला. पहिला हप्ता भरला त्या महिन्यात घरात शिलाई मशीन दुरुस्त करायचे होते, ते राहिले. मुलीला कोणी काही बोलले नाही, पण तिला कळले. त्यानंतर ती माझ्यासमोरही तोंड मिटून हसायची. मला वाटायचे की तिला तारांची लाज वाटते. बऱ्याच दिवसांनी तिने सांगितले की तारा दिसल्या की अम्माला मशीन आठवेल, असे तिला वाटत होते. तुमची श्रावणी आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिने फक्त आपले दात पाहिले असतील, असे मला वाटत नाही.

आणि कृपया तिच्या तेलुगू असण्याला तिच्या लाजरेपणाचे कारण करू नका. तुम्ही तसे लिहिलेले नाही, परंतु वाचणारे तसे धरतील. आमच्या मुली घरात भरपूर बोलतात.

हणमंतराव_देगाव

लक्ष्मीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. मात्र मीनाताईंना एक सावधगिरीची सूचना करतो. तारा, हप्ते, हुतात्मे, भाषा आणि ओठ हे सगळे एका लहान कथेत कोंबले तर वाचक गुदमरेल. यातल्या दोन गोष्टी निवडाव्यात. मी असतो तर हप्ते आणि ओठ ठेवले असते आणि चिडवणारी मुले पूर्ण काढली असती.

राजू_पार्कचौक

चिडवणारी मुले काढली तर संघर्ष कुठे राहिला? कथेला खलनायक लागतो.

तन्वी_दहावी

राजूकाका, ‘दुखते का गं’ म्हणणाऱ्या मावशीला खलनायक करा.

मीना_जुळेसोलापूर

पुन्हा लिहिलेला उत्तरार्ध देत आहे. तारा आता डिसेंबरच्या सुरुवातीला लागतात. चिडवणारी मुले काढली आहेत. बाईंचे भाषणही काढले आहे. बाई आता फक्त एवढेच म्हणतात की मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत नाही.

*मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत नाही, असे बाईंनी दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा श्रावणीने तारांकडे बोट दाखवले. बाईंनी मान डोलावली आणि त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. तारांचे कारण कोणालाही पटते, हे श्रावणीला त्या क्षणी कळले आणि ते तिला फारसे आवडले नाही.*

*रात्री अम्माचा फोन घेऊन ती गच्चीवर गेली. पहिले वाक्य म्हटले आणि ऐकले. ‘मल्लप्पा धनशेट्टी’ ‘मलपा धनशेटी’सारखे ऐकू येत होते आणि ‘हुसेन’चा न तर नव्हताच. तिने पुन्हा म्हटले, पुन्हा तसेच. तिसऱ्यांदा तिने शेजारच्या गच्चीवर कोणी नाही ना ते पाहिले, ओठ सोडून दिला आणि तोंड उघडून म्हटले. फोनमधून आलेला आवाज तिच्या ओळखीचा होता. तारा लागण्यापूर्वी ती घरात धाकट्या भावावर ओरडायची, तो हा आवाज होता.*

*खाली आली तेव्हा अम्मा हिशेबाची वही घेऊन बसली होती. जानेवारीची तारीख वहीत लिहिलेली होती, तिच्यापुढे हप्त्याचा आकडा होता. भेट १० जानेवारीला होती. श्रावणीने ती तारीख बराच वेळ पाहिली. तार बदलली की दोन दिवस पोळीही चावत नाही, हे तिला आता माहीत होते. तारीख बदलायला सांगितली तर अम्मा काय म्हणेल, हे तिला माहीत नव्हते. अम्मा म्हणाली, “मी सांगू का डॉक्टरांना?”*

*“मी सांगते,” श्रावणी म्हणाली.*

*फोन तिनेच लावला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारले, मग पुन्हा विचारले, कारण पहिल्यांदा ते ऐकू गेले नव्हते. श्रावणीने ओठ सोडला. “श्रावणी. माझी १० तारखेची भेट आहे. १२ तारखेला माझे भाषण आहे, म्हणून मला त्यानंतरची तारीख हवी आहे.” पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. “१७ चालेल?” श्रावणीने अम्माकडे पाहिले. अम्माने वहीतला १० खोडून १७ लिहिला आणि हप्त्याचा आकडा पुढे ओढला.*

इथे मी थांबले आहे. कार्यक्रम लिहिलेलाच नाही.

लक्ष्मी_विडीघरकुल

वही मला ओळखीची वाटली. एकच सांगते. अम्मा ‘मी सांगू का डॉक्टरांना’ असे विचारणार नाही. ती सरळ फोन उचलेल. मुलीला तो तिच्या हातातून घ्यावा लागेल.

डॉ_अश्विनी_होटगीरोड

वैद्यकीय बाजूने काहीही हरकत नाही. आमच्या स्वागतिकेलाही नाव दोनदा विचारावे लागते, ते अगदी खरे आहे. फक्त ‘तार बदलली की पोळीही चावत नाही’ हे श्रावणीला आधी कसे कळले? तिची ही पहिलीच तार बदलण्याची भेट आहे. ‘तारा लागल्या तेव्हा दोन दिवस पोळी चावली नव्हती, डॉक्टरांनी तार बदलल्यावरही तसेच होईल असे सांगितले होते’ असे काही करावे.

राजू_पार्कचौक

भाषण झालेच नाही? माझा या शेवटाला ठाम विरोध आहे. हे शाळेचे हस्तलिखित आहे. मुलांना टाळ्या हव्या असतात. निदान एक ओळ तरी द्या की मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

प्रकाश_रंगमंच

राजूभाऊ, ती ओळ लिहिली की बाईंच्या भाषणातली वीज मागल्या दाराने परत येते. तारीख बदलून घेणारी मुलगी व्यासपीठावर अडखळलीही असेल, आणि तरीही कथा खरीच राहते.

राजू_पार्कचौक

म्हणजे ती अडखळली की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही. तेच तर मी विचारतो आहे.

तन्वी_दहावी

माझे मत राजूकाकांच्या बाजूने आहे, पण टाळ्यांसाठी नाही. पहिल्यांदा माइकवर बोलताना तोंडात इतकी लाळ येते की दर दोन वाक्यांनी गिळावी लागते, आणि ती माइकमध्ये ऐकू येते. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. श्रावणीच्या भाषणात तेवढे एक हवे होते. हस्तलिखित वाचणाऱ्या एखाद्या मुलीला उपयोग होईल.

हणमंतराव_देगाव

तन्वीचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. ते गच्चीवरच्या प्रसंगातही बसू शकेल, फोनमध्ये गिळल्याचा आवाज ऐकू येईल. व्यासपीठ हवे की नको, याबद्दल मात्र मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मीना_जुळेसोलापूर

लाळेची गोष्ट गच्चीवर घेते आणि लक्ष्मीताई म्हणतात त्याप्रमाणे फोन अम्माच्या हातातून घेण्याचाही प्रयत्न करते. डॉक्टरांची दुरुस्ती झाली आहे. शेवटाचे दोन्ही खर्डे मी नववीच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांना वाचून दाखवणार आहे. हस्तलिखित बांधणीला शुक्रवारी जाते, त्यापूर्वी कोणाला आणखी काही सुचले तर इथेच लिहावे.